हरवलेल्या बॅगेचा दावा: यादी एक, हिशेब दोन

प्रश्न: "आई-बाबा लातूरहून मुंबईमार्गे म्युनिकला ताईकडे गेले. आईची बॅग आलीच नाही. विमानतळावर तक्रार दिली होती, आता 24 दिवस झाले. एअरलाइन म्हणते सामानाची यादी आणि किमती पाठवा, विमा कंपनी म्हणते प्रत्येक वस्तूचं बिल पाठवा. पैठणीचं, घरातल्या साड्यांचं बिल आता कुठून आणू? आणि किंमत आजची लिहू की घेतली तेव्हाची?"

ट्रॅव्हल इन्शुरन्सचे दावे भरून देण्याचं काम मी छत्रपती संभाजीनगरात बरीच वर्षं करतो. पोरं पुण्यात, नाहीतर परदेशात आणि कागद सांभाळणारं घरी एकच माणूस, अशी बरीच घरं माझ्याकडे येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

बिलांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. खरी अडचण अशी की एकाच बॅगेवर तुम्ही दोन वेगळ्या ठिकाणी पैसे मागताय आणि दोघांची मोजपट्टी वेगळी आहे. एअरलाइन आंतरराष्ट्रीय कराराखाली जबाबदार आहे, विमा कंपनी पॉलिसीच्या कलमांखाली. शिवाय एकाकडून मिळालेली रक्कम दुसरा आपल्या हिशेबात वजा करतो. त्यामुळे दोघांना काय, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत पाठवायचं यावर बरंच काही ठरतं.

आधी एअरलाइन. भारत आणि जर्मनी दोघेही 1999 च्या मॉन्ट्रियल करारात आहेत, म्हणून तुमच्या प्रवासाला तोच लागू. बॅग ज्या दिवशी यायला हवी होती त्यानंतर 21 दिवसांत आली नाही, की ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. तुमचे 24 दिवस झालेत, तेव्हा "अजून शोध चालू आहे" या उत्तरावर थांबायचं कारण उरलेलं नाही. भरपाईची कमाल मर्यादा दर प्रवाशाला 1,519 एसडीआर आहे. हा आकडा 28 डिसेंबर 2024 पासूनचा. बऱ्याच जुन्या लेखांत 1,288 दिसेल. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे, रुपयांत त्याची किंमत रोज बदलते. ढोबळमानाने ही मर्यादा पावणेदोन लाखांच्या आसपास किंवा थोडी वर जाते. मात्र हे छत आहे. नुकसान जेवढं दाखवता येईल तेवढंच मिळतं.

विमानतळावर जी तक्रार दिलीत तिला पीआयआर म्हणतात. तिच्यावर दहा अक्षरी क्रमांक असतो, साधारण `MUCXX12345` असा: तीन अक्षरं विमानतळाची, दोन एअरलाइनची, मग पाच आकडे. तो क्रमांक आणि बोर्डिंग पासमागे चिकटवलेल्या बॅग टॅगचा दहा आकडी क्रमांक, हे दोन्ही आजच फोटो काढून ठेवा. ती चिकटपट्टी पासपोर्टच्या कव्हरमध्ये राहते आणि घरी आल्यावर कोणीतरी कचऱ्यात टाकतं. पीआयआरवरचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, टॅग क्रमांक जुळतो का, हेही तपासा. काउंटरवर घाईत एखादा आकडा चुकतो. चूक सापडली तर ई-मेलने दुरुस्ती मागा.

पीआयआर म्हणजे दावा नव्हे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ती फक्त बॅग मिळाली नाही याची नोंद. भरपाईची मागणी वेगळी, लेखी करावी लागते: एअरलाइनच्या वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये किंवा ई-मेलने. तिकीट एकच पण विमानं दोन कंपन्यांची असतील, तर दावा सहसा शेवटच्या टप्प्याची, म्हणजे म्युनिकला उतरवणारी कंपनी हाताळते. ती हात वर करू लागली तरी करारानुसार पहिली आणि शेवटची दोघीही जबाबदार धरता येतात. कोर्टात जाण्याची मुदत दोन वर्षं आहे, पण ती संपेपर्यंत वाट पाहणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही.

आता यादी. बॅग हरवल्यानंतर पहिल्या काही दिवसांत एअरलाइनने आत काय होतं याचा एक फॉर्म ताईकडून भरून घेतला असेल. तो मालक न सापडलेल्या बॅगांशी जुळवण्यासाठी असतो, म्हणून त्यात किमतीपेक्षा ओळख महत्त्वाची. "कपडे, खाद्यपदार्थ" असं लिहिलं तर काहीच जुळत नाही. त्याऐवजी "स्टीलचा उभा डबा, झाकणावर देवनागरीत नाव कोरलेलं, आत काळी कारळाची चटणी" असं लिहिलं तर बॅग उघडणाऱ्याला एका नजरेत कळतं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत इथे अशी कामाला येते. अजून शोध चालू असेल तर ही माहिती आजही पाठवता येते.

पण हाच फॉर्म पुढे गळ्यात येतो. तिसऱ्या दिवशी ताईने घाईत पाच वस्तू लिहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात तुम्ही वीस वस्तूंची यादी दिली, तर दोन्हीकडचा माणूस पहिली यादी समोर ठेवून विचारतो. वस्तू वाढायला हरकत नाही, आईला हळूहळू आठवणारच. फक्त तसं स्पष्ट लिहा: "पहिली यादी सुरुवातीला घाईत दिली होती, ही सविस्तर आहे." आणि तीच यादी, शब्दही न बदलता, विमा कंपनीलाही द्या. एअरलाइनला पैठणी 25,000 ची आणि विम्याला 18,000 ची, असं एकदा झालं की मग खऱ्या वस्तूंवरही शंका घेतली जाते.

किमतीबद्दल तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही लिहा. यादीत प्रत्येक वस्तूसमोर कधी घेतली, तेव्हा किती रुपयांना घेतली, तशीच वस्तू आज घ्यायला किती पडतील आणि पुरावा काय, असे रकाने ठेवा. आणखी एक रकाना "कोणाची" असा. आईच्या बॅगेत बाबांचा स्वेटर होताच की. टॅग आईच्या नावाचा असला तरी बाबाही त्याच विमानातले प्रवासी आहेत आणि एअरलाइनकडे त्यांची मर्यादा वेगळी मोजता येते. विम्यात मात्र काही कंपन्या टॅग ज्याच्या नावावर त्याच्याच पॉलिसीतून पैसे देतात, म्हणून ते आधी विचारून घ्या.

आजची किंमत लिहिली म्हणून ती मिळेल असं नाही. विमा कंपनी वापरलेल्या वस्तूंवर घसारा कापते, एअरलाइनही बहुधा कापते. किती, ते पॉलिसीवर आणि वस्तूच्या वयावर अवलंबून. पण आजची किंमत समोर असली की घसारा कशावर लावायचा यावर बोलायला जागा राहते. नुसती चार वर्षांपूर्वीची किंमत दिली, तर त्या जुन्या आकड्यावरच कात्री चालते.

बिलं नसली तर पुरावे उभे करता येतात, फक्त थोडं घर धुंडाळावं लागतं. फोनपे किंवा बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दुकानाचं नाव आणि तारीख सापडते. पैठणी पैठणच्या विणकराकडून किंवा मोठ्या दुकानातून घेतली असेल तर त्यांच्या वहीत किंवा कॉम्प्युटरमध्ये मोबाइल नंबरवर जुनी नोंद असते. ते बिलाची दुसरी प्रत देतात. लग्नातल्या अल्बममध्ये आई तीच पैठणी नेसून उभी असेल. तो फोटो वस्तू होती हे सिद्ध करतो, किंमत नाही, पण बाकीच्या कागदांबरोबर त्याला वजन येतं. औषधांचं सगळ्यात सोपं: डॉक्टरांची चिठ्ठी आणि मेडिकलचं बिल. रोजच्या साड्यांना काहीच नसेल तर प्रत्येकीचं वर्णन, अंदाजे वर्ष आणि रास्त किंमत लिहून आईचं स्वतःच्या सहीचं निवेदन जोडा. अशा किरकोळ वस्तू बऱ्याचदा मान्य होतात, आकडे फुगवलेले नसले म्हणजे झालं.

एक गोष्ट मात्र करू नका. बाजारात कोणीतरी म्हणेल, "सांगा की राव, कोणत्या तारखेचं बिल पाहिजे?" जीएसटीच्या बिलांना अनुक्रम असतो. कंपनीचा तपासणारा दुकानाला फोन करून तो क्रमांक विचारतो, आणि जुन्या तारखेखाली नवा क्रमांक आढळला की पूर्ण दावा फसवणूक म्हणून बाद होतो, खऱ्या वस्तूंसकट. अशा फायलीत मग मलाही काही करता आलेलं नाही.

आता विम्याकडे. "बॅग उशिरा येणं" आणि "बॅग पूर्ण हरवणं" ही बहुतेक पॉलिसींत दोन वेगळी कलमं असतात. उशिराच्या कलमात ठरावीक तास, बहुधा 12, उलटून गेल्यावर घेतलेल्या अत्यावश्यक वस्तूंचा खर्च मिळतो. ताईने आईसाठी तिथे जाकीट, अंतर्वस्त्रं, टूथब्रश घेतला असेल तर त्या पावत्या इथे लागतात. त्या पावत्यांवरची अक्षरं लवकर पुसट होतात, आजच फोटो काढायला सांगा आणि प्रत्येक ओळीसमोर जर्मन शब्दाचा अर्थ इंग्रजीत लिहून घ्या. तीच पावती एअरलाइनकडून वसूल झाली असेल तर विम्याला देऊ नका. आणि पुढे बॅग हरवल्याचं ठरलं की उशिरापोटी दिलेली रक्कम हरवल्याच्या रकमेतून वजा होते, असं बऱ्याच पॉलिसींत लिहिलेलं असतं. तेव्हा दोन्ही पूर्ण मिळतील असं धरू नका.

हरवल्याच्या कलमात तीन चाळण्या असतात. एका बॅगेला विमा रकमेच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच पैसे (दोन बॅगा दिल्या असतील तर बहुधा 50 टक्के), एका वस्तूला बहुधा 10 टक्के, आणि काही वस्तू मुळातच बाहेर: दागिने, रोख, पासपोर्ट, बऱ्याचदा मोबाइल-टॅब, चष्मा आणि खाण्याच्या वस्तू. शिवाय बॅग मिळाली पण आतल्या वस्तू गेल्या, असा प्रकार बहुतेक ठिकाणी बसतच नाही.

उदगीरच्या एका जोडप्याचा दावा सांगतो, आकडे सोपे करून. हरवलेल्या बॅगेसाठी विमा रक्कम 1,000 डॉलर, दोघांच्या मिळून बॅगा नव्हे, बाईंच्या एकटीच्या नावावर दोन बॅगा, त्यातली एक गेली. डॉलर 90 रुपयांचा धरू. म्हणजे त्या बॅगेला मर्यादा 45,000 आणि एका वस्तूला 9,000 रुपये. यादीत 18,000 ची पैठणी, 5,600 चा नवा कोट, 3,800 चे नवे गरम कपडे, 7,500 च्या पाच साड्या, 3,200 चे नवे बूट, 5,600 ची औषधं, 6,000 ची बॅग. आणि वर नातवासाठी चांदीचे वाळे 7,500, जादा चष्मा 4,500, चटण्या-मेतकूट-पापड 2,500. बेरीज 64,200.

शेवटच्या तीन वस्तू पॉलिसीत बसत नव्हत्या, गेल्या. पैठणी तीन वर्षांची, वर्षाला 10 टक्के घसारा धरून 12,600 झाली, पण एका वस्तूच्या मर्यादेमुळे 9,000 वर थांबली. साड्या दोन वर्षांच्या धरून 6,000, बॅग चार वर्षांची म्हणून 3,600. कोट, कपडे, बूट, औषधं पूर्ण. विम्याचा हिशेब 36,800 रुपयांवर आला.

आणि त्याआधीच एअरलाइनने त्याच यादीवर 38,000 रुपये देऊ केले होते. विमा कंपनीने सरळ वजाबाकी केली: 36,800 तून 38,000 गेले, देणं शून्य. कुटुंबाला वाटलं प्रकरण संपलं. पण 64,200 चं नुकसान झालेल्याला 38,000 मिळाले तर 26,200 चा खड्डा उरतोच ना? प्रश्न असा होता की वजाबाकी कशातून करायची.

आम्ही एअरलाइनला ई-मेल करून 38,000 कोणत्या वस्तूंपोटी दिले याची फोड मागवली. त्यात 11,000 वाळे, चष्मा आणि खाद्यपदार्थांपोटी निघाले. या वस्तूंचा विमाच नव्हता, मग त्यांची भरपाई विमा असलेल्या वस्तूंच्या रकमेतून कापायचं कारण काय? कंपनीने ते मान्य केलं, 27,000 वजा केले आणि 9,800 रुपये दिले. रक्कम मोठी नाही, पण शून्य आणि 9,800 यांतला फरक एका ई-मेलचा होता. त्या पॉलिसीत "वाहतूकदाराकडून मिळालेली रक्कम देय रकमेतून वजा होईल" असं लिहिलं होतं, म्हणून गाडी तिथे थांबली. काही पॉलिसींत "वाहतूकदाराने भरून न दिलेलं नुकसान" देऊ असं असतं. त्या शब्दांवर विमा असलेल्या वस्तूंच्या 49,700 तून 27,000 वजा करून 22,700 पर्यंत मागणी नेता आली असती.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी एअरलाइनकडे पूर्ण यादी द्या, त्यात वाळे-चटणीसारख्या विम्यात न बसणाऱ्या वस्तू असतील तर त्याही लिहा. त्यांच्या अटींत मौल्यवान वस्तूंची जबाबदारी नाही असं असतं. करारातलं कलम 26 जबाबदारी टाळणाऱ्या अटी रद्द ठरवतं, त्यामुळे यावर वाद घालता येतो. पण यादीत नसलेल्या वस्तूवर वादही घालता येत नाही. रक्कम देऊ केली की वस्तुनिहाय फोड मागा. "पूर्ण आणि अंतिम तडजोड" असा कागद सही करायला आला तर सही करण्याआधी तो विमा कंपनीला ई-मेल करा आणि हरकत नाही असं लेखी मागवा. विमा कंपनीला पुढे एअरलाइनकडून वसुलीचा हक्क असतो, तो तुम्ही परस्पर सोडून दिलात असं तिला म्हणता येऊ नये.

विमा कंपनीला लागणारा सर्वात अडचणीचा कागद म्हणजे बॅग सापडली नाही असं एअरलाइनचं पत्र. कॉल सेंटर तो महिनोन्‌महिने देत नाही. ज्या ई-मेलमध्ये भरपाई देऊ केलीय त्यात आईचं नाव, पीआयआर क्रमांक आणि बॅग मिळाली नाही हे शब्द असतील तर बहुतेक कंपन्या तोच मान्य करतात. नसतील तर उत्तरात एवढंच लिहा की या तीन गोष्टींसह पुष्टी द्या. त्याबरोबर तिकीट, बोर्डिंग पास, टॅग, पासपोर्टचं पहिलं पान आणि शिक्के, रद्द केलेला चेक लागतो. हे सगळं जमेपर्यंत थांबू नका. दावा नोंदवून क्रमांक आज घ्या, कागद मागून जातील. कागदांची मुदत पॉलिसीत दिलेली असते, बहुधा प्रवास संपल्यापासून मोजतात. एअरलाइनमुळे उशीर होत असेल तर तो पत्रव्यवहार जोडून मुदतवाढ मागा. केवळ उशिराच्या कारणावरून यांत्रिकपणे दावे नाकारू नयेत, अशी सूचना विमा नियामकाने 2011 मध्येच कंपन्यांना दिलेली आहे.

नाकारलाच, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मराठवाड्यासाठी ते पुण्याला आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

पॉलिसीत "वाहतूकदार" किंवा "कॅरिअर" हा शब्द हरवलेल्या बॅगेच्या कलमात कुठे येतो ते शोधा आणि ते वाक्य जसंच्या तसं इथे लिहा, सोबत आईच्या नावावर किती बॅगा होत्या तेही. वजाबाकी कशातून होणार ते त्यावरून सांगतो.